कुलपातल्या शेंगा

गोदामात मी मुकादम होतो. पाठीवर पोती वाहून वाहून मणके झिजले तेव्हा मुकादमी मिळाली. त्या गोदामात माल ठेवणारे पुष्कळ पाहिले. बहुतेकांना आपला माल आणि दुसऱ्याचा माल यातला फरक पावती बघून कळायचा. वहिनींना पोत्याला हात लावून कळायचा.

वहिनींचा तेलघाणा होता. लाकडी, पण फिरायचा विजेच्या मोटरवर. पुढे दुकानाचं फडताळ, मध्ये घाणा, मागे पत्र्याची शेड आणि बाजूला अंगण. मोटर, पट्टा, ग्रीस हे नवऱ्याचं खातं. तो मुळात फिटर. फार बोलायचा नाही, बोलला तर तिरकस बोलायचा. शेंगा आणि माणसं हे वहिनींचं खातं. फक्त भुईमुगाचं तेल. सहा कुटुंबं तेवढ्यावर जगत होती असं काही नाही. दोघं जगत होती आणि मुलीचं शिक्षण चाललं होतं, बस.

शेंग वर्षातून एकदा निघते आणि तेल बाराही महिने लागतं. सगळा घोळ इथेच आहे. सुगीत शेंग स्वस्त असते. चार महिन्यांनी तीच शेंग दीडपट होते, आणि गिऱ्हाईक तर तेलाला दीडपट देत नाही. म्हणजे वर्षभराचा माल सुगीतच धरायला हवा. वर्षभराच्या मालाचे पैसे मात्र सुगीत कुणाकडे असतात? ज्याच्याकडे असतात तो घाणा चालवत नाही.

वहिनींनी यावर एक पद्धत बसवली होती. शेंग पिकवणाऱ्या घरांशी त्या सुगीत भाव ठरवायच्या आणि तिसरा हिस्सा पैसे रोख द्यायच्या. माल त्याच घरी राहायचा, माळ्यावर, टरफलासकट. दाणे काढून ठेवले तर जागा कमी लागते, पण दाणा उघडा पडतो. शेंगेत असला की तो आपल्या घरात असतो. दर महिन्याला वहिनी टेम्पो घेऊन जायच्या, लागेल तेवढा माल उचलायच्या, तेवढ्याचे उरलेले पैसे द्यायच्या आणि सांभाळल्याबद्दल पोत्यामागे थोडे वर. तेल विकून आलेला पैसा पुढच्या उचलीला. ना गोदामाचं भाडं, ना व्याज. माल चार घरांत विभागलेला, म्हणजे एका माळ्यावर उंदीर शिरले तरी बाकीचा शाबूत.

शेडमध्ये महिन्याभराचाच माल असायचा. तोही आला की आधी अंगणात. मूठभर शेंगा फोडायच्या, दाणा दातांत धरायचा. काडकन तुटला तर आत, दबला तर उन्हात. खाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब, थप्पी छातीच्या वर नाही. पोती उतरवायला माझीच टोळी जायची. मी एकदा म्हटलं, "वहिनी, अजून दोन थर चढतील." त्या म्हणाल्या, "चढतील हो. पण मग खालचं पोतं मला दिसणार नाही." मला हे पटलं. जे हाताखाली येत नाही ते सांभाळता येत नाही.

ही पद्धत मोडली ती कुणाच्या वाईटपणाने नाही. रस्त्याच्या तोंडाशी एका मोठ्या तेलगिरणीने वजनकाटा बसवला. माल काट्यावर टाका, संध्याकाळच्या आत पैसे खात्यात. ओला असो, कोरडा असो. ओल असेल तर भावात कापायचे आणि स्वतःच्या भट्टीत सुकवायचे.

त्या वर्षी सुगीच्या तोंडावर वहिनी नेहमीच्या घरांकडे गेल्या. टेम्पोवर भरायला मी होतो. सगळ्यात जुना माणूस म्हणजे आजोबा. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. ते ओट्यावर बसून होते. त्यांनी पाणी दिलं आणि मग म्हणाले, "पोरी, यंदा माळा रिकामाच राहणार."

"का? भाव कमी वाटतो का? बोला ना."

"भावाचं नाही. तू पैसे देतेस ते हप्त्याहप्त्याने, आठ महिने. मला लागतात आत्ता. नातवाची फी आत्ता आहे. काटेवाला आत्ता देतो."

"इतकी वर्षं चाललं ना आजोबा?"

"चाललं, कारण दुसरं कुणी विचारत नव्हतं." ते हसले, पण वाईट वाटून हसले. "तुझा शब्द खोटा म्हणत नाही मी. शब्दावर शाळा पोराला बसवून घेत नाही, एवढंच."

चारही घरांत हेच ऐकायला मिळालं. एका घरातल्या सुनेने तर टेम्पो पाहून आतूनच हाक दिली, "काकी, माल काट्यावर गेला हो! चहा घेऊन जा." चहा घेतला. भरायला म्हणून नेलेली पोती टेम्पोत रिकामीच परत आली.

आता माल हवा तर रोख द्यायला हवं होतं, तेही पूर्ण आणि लगेच. वहिनींकडे होतं ते वर्षाच्या चौथाईला पुरेल एवढं. गोदामाचे मॅनेजर भले माणूस. त्यांनी रस्ता सांगितला. माल गोदामात ठेवा, पावती घ्या. पावती बँकेत गहाण ठेवा, बँक मालाच्या किमतीच्या शंभराला सत्तर देते. त्या सत्तरात पुन्हा माल घ्या, पुन्हा ठेवा, पुन्हा पावती. सुगी तीन आठवडे चालते. पैसा भराभर फिरला तर चौथाईच्या पैशात वर्षाचा बराचसा माल होतो. पुढे तेल विकाल तसे बँकेत भरा, भराल तेवढी पोती सोडवा.

नवरा म्हणाला, "म्हणजे एकच नोट तीनदा मोडायची."

"मोडायची नाही, फिरवायची," मॅनेजर म्हणाले.

"फिरणाऱ्या वस्तूला थांबायला मोकळीक लागते साहेब. मी पट्टे बसवतो, मला माहिती आहे."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. "मग दुसरं काय करू ते सांगा."

 दुसरं काही नव्हतंच.

पहिली गाडी आली. वहिनींनी शेंगा अंगणात चार दिवस वाळवल्या. सकाळ-संध्याकाळ दाताळ्याने फिरवल्या, रात्री झाकल्या. मग गोदामात आणल्या. आम्ही थप्पी लावली. पावती झाली, बँकेचे पैसे यायला आणखी तीन दिवस. तेवढ्यात आठवडा गेला आणि काट्यावर भाव चढायला लागला. रांगेत ट्रॅक्टर कमी दिसू लागले. सुगी कुणासाठी थांबत नाही.

दुसरी गाडी दोन दिवस वाळली. तिसरीला एक दिवस मिळाला, आणि त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. चौथी सरळ गोदामाच्या दारात आली. वहिनी स्वतः पोत्यावर बसून आल्या होत्या. त्यांनी एक शेंग फोडली, दाणा दातांत धरला आणि तसाच धरून ठेवला.  मग म्हणाल्या, "दबतोय."

"परत नेऊ या का अंगणात?"

"नेल्या तर पावती चार दिवसांनी. पावती नाही तर पैसे नाहीत. पैसे नाहीत तर शेवटची गाडी नाही. शेवटची गाडी नाही तर उन्हाळ्यात घाणा बंद." त्यांनी दाणा थुंकला. "लावा मुकादम."

त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत त्यांनाच जास्त कळत होतं.

मॅनेजरनी ओल मोजायचं यंत्र लावलं. नियमाप्रमाणे पोत्याच्या तोंडापासून थोडे थोडे दाणे घेतले. यंत्राचा काटा मर्यादेच्या आत राहिला, पण काठावर. नवरा म्हणाला, "यंत्र तोंड बघून बोललं. पोट कोण बघणार?" मॅनेजरनी मान डोलावली आणि शिक्का मारला. त्यांची चूक काढता येत नाही. नियमात पोट नव्हतं.

गोदाम त्या वर्षी गच्च भरलं होतं. चांगलं गोदाम होतं, सिमेंटची जमीन, खाली लाकडी चौकटी, गळती नाही. पण सुगीत जागा मापून मिळते. वहिनींच्या मालाला एक कोपरा मिळाला आणि आम्ही थप्पी डोक्याच्या बऱ्याच वर नेली. शेंगांचं पोतं दाण्याच्या पोत्याइतकं जड नसतं, पण फुगलेलं असतं. नीट दाबून बसवलं नाही तर थप्पी झुकते. आम्ही दाबून बसवली. काम चोख झालं. मधून वारा जाईल अशी फट कुठे राहिली नाही, इतकं चोख.

शेवटच्या गाडीचा मालही तिथेच लागला. मग बँकेचे साहेब आले. पोती मोजली, थप्पीभोवती दोरी बांधली, पाटी लावली, दोरीच्या गाठीवर लाखेची मोहर. "आता हा माल तुमचाही आहे आणि आमचाही," ते वहिनींना म्हणाले. "पैसे भरा, पत्र घ्या, पोती सोडवा. मधे कुणी हात लावायचा नाही."

"वास बघायला पण नाही?" वहिनींनी विचारलं.

साहेबांना वाटलं, बाई विनोद करताहेत. ते हसले.

पहिले चार महिने सुरळीत गेले. आधी आलेला माल आधी सोडवायचा, ही गोदामाची रीत. पहिल्या गाडीचा माल चार दिवस वाळलेला होता. तेल सोन्यासारखं निघालं. काट्यावाल्या गिरणीने तेलाचा भाव वाढवला तेव्हा वहिनींच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं. मुलीच्या दुसऱ्या सत्राची फी भरली. मी फडताळावर तेल घ्यायला गेलो तर नवरा म्हणाला, "मुकादम, आमची बाई आता बँकेवर चालते. मी अजून मोटरवरच." वहिनी हसल्या. तेवढंच हसणं मी त्या वर्षी पाहिलं.

पाचव्या महिन्यात आम्ही शेजारची थप्पी काढली, दुसऱ्या कुणाची. जागा रिकामी झाली तसा वहिनींच्या थप्पीची बाजू उघडी पडली. मी दोन पोत्यांमध्ये हात घातला, कोपरापर्यंत. आत ऊब होती. नुकताच माणूस उठून गेलेल्या अंथरुणासारखी. बाहेर अजून थंडी होती.

मी त्याच दुपारी घाण्यावर गेलो. वहिनी गाळणीचं कापड धुवत होत्या. सांगितलं. त्यांनी कापड पिळलं, दांडीवर घातलं, हात पुसले आणि मग विचारलं, "कोणती बाजू?"

"मागची. तिसऱ्या-चौथ्या गाडीची."

त्या तशाच चपला घालून निघाल्या.

आपली शेड असती तर काम सोपं होतं. थप्पी मोडायची, अंगणात पसरायची, चार उन्हं द्यायची, बिघडलेलं काढायचं. आमची टोळी दोन दिवसांत करते हे काम. पण दोरी बँकेची होती. वहिनी साहेबांकडे गेल्या, मलाही नेलं.

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाले, "वाळवल्यावर वजन घटेल ना?"

"घटेलच. पाणी जाईल."

"वजन घटलं की तारण घटलं. तेवढा फरक तुम्ही आधी भरायचा. भराल?"

"साहेब, माझा सगळा पैसा त्या पोत्यांतच आहे."

"तेच तर. मग मला वरून परवानगी आणावी लागेल."

"किती दिवस?"

"लिहितो आजच."

त्यांनी खरंच त्याच दिवशी लिहिलं. मी ते पाकीट जाताना पाहिलं. वरून उत्तर आलं की आधी औषधाची धुरी द्या. दिली. ताडपत्री घालून सात दिवस बंद ठेवली थप्पी. धुरीने कीड मरते, ओल मरत नाही. ताडपत्री काढली तेव्हा वास आला, आणि तो ओळखायला वहिनींची गरज नव्हती. टोळीतल्या नव्या पोराने पण नाक धरलं.

वहिनींनी दुसरा मार्ग काढून पाहिला. पैसे भरून मागचीच पोती आधी सोडवायची. दुकानात होतं ते तेल विकलं, मुलीसाठी केलेला दागिना विकला, तेवढ्यात वीस-बावीस पोती कागदावर सुटली. पण बिघडली होती ती आतली, ती काढायला बाहेरची हलवायला हवीत, आणि बाहेरच्यांवर दोरी. पुन्हा पत्र. नवरा म्हणाला, "आडात पाणी आहे, पोहरा आहे, दोर मात्र दुसऱ्याच्या कमरेला."

परवानगी आली तोवर ऊन कडक झालं होतं. आम्ही थप्पी उघडली. बाहेरचे थर बरे होते. आतली पोती काढताना बोटं तागातून आरपार गेली. टरफलं राखाडी, दाण्यावर हिरवी पूड. काही पोत्यांत शेंगा एकमेकींना चिकटून ढेकळं झालेली. माल घाण्याच्या अंगणात ओतला. वहिनी खाली बसल्या आणि निवडायला लागल्या. शेजारच्या दोघी-तिघी आल्या. संध्याकाळपर्यंत चांगल्या दिसणाऱ्या शेंगांचा ढीग बरा झाला.

त्या ढिगातून वहिनींनी एक घाणी काढली. तेल दिसायला ठीक होतं. त्यांनी बोटाने चाखलं, नवऱ्याला दिलं, मला दिलं. मला काही विशेष कळलं नाही. किंचित कडवट म्हणता आलं असतं.

"मला लागतंय," त्या म्हणाल्या.

एक ओळखीचा तेलवाला आला होता. तो म्हणाला, "वहिनी, दहा डब्यांत एक डबा मिसळा. कुणाच्या बापाला कळणार नाही. सगळे करतात."

"दहातला एक मिसळून किती वर्षं लागतील सगळा संपायला?"

"दोन वर्षं."

"म्हणजे दोन वर्षं रोज." त्यांनी घाण्यातून पेंड काढली, हातात कुस्करली. "आणि ही कोण खाणार? बुरशीचं विष तेलापेक्षा पेंडीत जास्त उतरतं. समोरच्याची गाय माझ्याच पेंडीवर आहे."

"गाईची एवढी काळजी?"

"दूध मी घेते त्याच्याकडून," वहिनी म्हणाल्या. तेलवाला हसला. त्या हसल्या नाहीत.

नमुना तपासायला पाठवला. तपासणीतही बुरशीचं विष निघालं. निवडलेल्या ढिगातही.

माल साबण करणाऱ्याने घेतला. त्याला कडू-गोड सारखंच. भाव त्याने सांगितला तो सांगितला. घासाघीस करायला वहिनींकडे काही नव्हतं. बाहेरचे चांगले थर आणि साबणवाल्याचे पैसे, दोन्ही बँकेत गेले. तरी कर्ज उरलं. गोदामाचं भाडं वेगळं. मॅनेजरनी जेवढं सोडता येईल तेवढं सोडलं. साहेबांनी मुदत वाढवून दिली. सगळे चांगलेच वागले. मी आयुष्यात कधी इतकी चांगली माणसं एका ठिकाणी पाहिली नाहीत, आणि तरी घाणा गेला.

घाण्याला मिळालेलं गिऱ्हाईक दूरचं होतं. ते यायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने घाणा स्वतः सोडवला. प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये धुतला, पुसला, ग्रीस लावून कापडात बांधला. मी म्हटलं, "विकलाय ना आता, कशाला एवढी मेहनत?"

तो म्हणाला, "गंजला तर नाव माझं."

घाण्याचं लाकडी उखळ ट्रकवर चढवायला मी टोळी नेली. मजुरी घेतली नाही. तीही मोठी गोष्ट नाही, अर्ध्या तासाचं काम होतं. वहिनी दारात उभ्या राहून सांगत होत्या, "डावीकडून धरा, तिकडे चीर आहे." ट्रक गेला. त्यांनी झाडू घेतला आणि जमीन झाडली. बोल्टांची चार भोकं राहिली होती, त्यांत कचरा गेला तो निघेना. नंतर ती जागा कुणी प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवायला भाड्याने घेतली. मुलगी मामाकडे गेली शिकायला. नवरा काट्यावाल्या गिरणीत फिटर लागला.

पुढच्या सुगीआधी वहिनी माझ्याकडे आल्या. घरी नाही, गोदामावर आल्या. उभ्याच राहिल्या.

"मुकादम, बसून करायचं काही काम आहे का?"

"वहिनी, तुम्ही इथे?"

"मग कुठे? तेलाचं म्हणाल तर माल घ्यायला पैसे नाहीत. दुसऱ्याच्या घाण्यावर उभं राहायला गुडघे नाहीत. शिवायला येतं मला."

मी मॅनेजरना विचारलं. पोती शिवणारी एक बाई सोडून गेली होती. सुईदोरा दिला, दाराशी गोणपाट टाकून जागा दिली.

सुगी आली. गाड्या लागल्या. लोकांचा माल उतरत होता, वाळलेला, न वाळलेला, सगळा. यंत्र लागत होतं, शिक्के बसत होते, दोऱ्या बांधल्या जात होत्या. वहिनींसमोर फाटकी पोती यायची, त्या शिवून पुढे ढकलायच्या. एकदा एक पोतं आलं, ते शिवता शिवता त्यांचा हात थांबला. मी बघत होतो. माल कुणा नवीन घाणेवाल्याचा होता, तिशीचा असेल, पावतीसाठी मॅनेजरच्या टेबलाशी घाई करत होता.

"वहिनी, सांगू का त्याला?" मी विचारलं.

"काय सांगणार? त्याला माहीत नसेल असं वाटतं तुम्हाला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा पुन्हा आभाळाकडे बघत होता.

वहिनींनी टाका ओढला, दात लावून दोरा तोडला आणि पुढचं पोतं ओढून घेतलं. टाके बारीक, सारख्या अंतराचे, ओढले तर ताग फाटेल पण टाका सुटणार नाही. गोदामात तसं कुणी शिवत नव्हतं. पैसे पोत्यामागे सगळ्यांना सारखेच मिळायचे.